गॅलरीतलं कुमुद: हिरवं पाणी आणि डासअळ्या

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं. घराच्या वरच्या मजल्यावर पूर्वेकडे तोंड करून गॅलरी आहे आणि तिथे सकाळी अकरापर्यंत ऊन येतं. कुमुदाला, म्हणजे वॉटर लिलीला, पाच-सहा तास ऊन लागतंच, म्हणून दुसरी जागा शोधायची गरज पडली नाही. निळा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून त्याचा खालचा अर्धा भाग घेतला. त्यात साधारण ९० लिटर पाणी मावतं. माती आणि कुंडी धरून क्विंटलभर वजन होतं, त्यामुळे तो कठड्याकडे न ठेवता भिंतीला लागून ठेवला.

लावण सोपी आहे. पसरट कुंडीत शेतातली काळी माती भरायची, शेणखत अजिबात नाही. त्यात कुमुदाचा कंद तिरपा ठेवायचा, कोंब वर मोकळा राहू द्यायचा आणि मातीवर बोटभर जाड रेती पसरायची. रेती नसली की माती पाण्यात उठते आणि तिच्यातलं खत शेवाळाला मिळतं. सोबत कालव्यातून आणलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार काड्या सोडल्या, पण आधी बादलीत दोन-तीनदा खंगाळून. नाहीतर गोगलगायी आणि शेवाळाचे धागे फुकटात घरी येतात.

दुसऱ्याच आठवड्यात पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं झालं. नव्या टबात हे होतंच, कारण पाण्यात खत आहे, वरून ऊन आहे आणि ते खायला झाड अजून लहान आहे. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरलं की कळतं: सगळं सारखं हिरवं दिसलं तर ते तरंगतं शेवाळ, केसांसारखे धागे दिसले तर धाग्यांचं शेवाळ. आणि पाणी दुधाळ होऊन वास मारत असेल तर शेवाळाचा काही संबंध नाही, तळाशी काहीतरी सडतंय.

घरातल्यांचं म्हणणं एकच, पाणी बदल. आमच्याकडे पाणी बोअरचं. विदर्भातल्या बऱ्याच गावांत भूजलात नायट्रेट जास्त आहे आणि नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खतच. दर वेळी पूर्ण पाणी बदललं की शेवाळाला नवं ताट वाढल्यासारखं होतं. मी बदललं नाही. त्याऐवजी पिस्टियाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या कोबीसारख्या झाडाची, पाच-सहा रोपं सोडली. त्यांची सावली पडली, मुळांनी खत ओढलं आणि महिनाभरात तळाची रेती दिसायला लागली. धागे येतात ते मात्र काडीला गुंडाळूनच काढावे लागतात. एवढी मेहनत कुणालाच चुकत नाही.

शेजारच्या काकांनी मोरचूद टाकायला सांगितलं. आमच्याकडे संत्र्याच्या बागांमुळे बोर्डो या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी मोरचूद घरोघरी पडलेला असतो. पण हिशेब करून बघा: ९० लिटरात एक ग्रॅम टाकला तर लिटरमागे ११ मिलिग्रॅम होतो आणि तलावात शेवाळासाठी वापरतात तो एक मिलिग्रॅमच्या आसपास. चिमटीत एक ग्रॅम सहज येतो. डासअळ्या खायला टबात सोडलेले गप्पी मासे तर जातीलच, वरून मेलेलं शेवाळ सडून पाण्यातला प्राणवायू संपेल.

मग पावसाळ्यात आशा ताई कंटेनर तपासायला आल्या. टब बघून म्हणाल्या, "भाऊ, हे पाणी फेकून द्या जी, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायचा असते." त्यांचं बरोबर होतं. डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं सगळं आपल्याकडच्या उन्हा-पावसात आठ-दहा दिवसांत उरकतं, म्हणून आठवड्याचा नियम. पण हा टब दर आठवड्याला रिकामा केला तर कुमुद काही जगत नाही. मी पांढऱ्या वाटीने पाणी काढून दाखवलं, अळी नव्हती. आत आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी होते. त्यांनी वाटी पुन्हा स्वतः बुडवून पाहिली आणि मगच वहीत लिहिलं. मला ते आवडलं.

गप्पी सोडले म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. पहिली अडचण टबाच्या काठाची. डेंगीचा डास, एडिस, अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. मे महिन्यात आमच्याकडे पाणी रोज खाली उतरतं, तेवढा ओला पट्टा उघडा पडतो आणि अंड्यांना जागा मिळते. ही काळी, खसखशीहून बारीक अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणजे उन्हाळ्यात घातलेली अंडी पहिल्या पावसात जागी होतात. म्हणून दर रविवारी मी पाण्याच्या वरचा चार बोटांचा पट्टा कडक ब्रशने खसाखसा घासतो आणि तो मळ कपड्याने पुसून उन्हात वाळवतो. पाण्यात ढकलायचा नाही, नाहीतर अंडी आपणच पेरतो. त्यानंतर टब काठापर्यंत भरायचा, पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर तेच.

दुसरी अडचण त्याच पिस्टियाची, ज्याने पाणी निवळलं होतं. श्रावणात त्याने सगळा टब झाकून टाकला. शेवाळ बंद झालं हे खरं, पण गच्च मुळांच्या जाळ्यात मासे घुसत नाहीत. त्यातून मॅन्सोनिया नावाच्या डासाची अळी श्वास घ्यायला वर येतच नाही. ती पिस्टियाच्या मुळाला नळी टोचून तिथूनच हवा घेते, त्यामुळे वाटीत कधी सापडत नाही. रोप उचलून मुळं पांढऱ्या ताटात झटकली तरच दिसते. मग मी ठरवलं की पिस्टिया फक्त सुरुवातीपुरता. कुमुदाची पानं मोठी झाली की तो काढून टाकायचा. पानांनी अर्ध्याहून थोडा जास्त पृष्ठभाग झाकला आणि मध्ये उघडं पाणी राहिलं, की सावलीही मिळते आणि माशांना फिरायला जागाही. पिवळं पडलेलं पान त्याच दिवशी देठासकट तोडतो.

माशांना खायला घालत नाही. घातलं तर पोट भरलेला मासा अळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, आणि उरलेलं खाद्य शेवाळाला जातं. खरं संकट मेचं. ४५ अंशांत एवढ्याशा टबातलं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. टबाभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवतो आणि वर हिरवी नेट बांधतो, तरी काही मासे जातात. म्हणून दोन माद्या आणि एक नर खाली सावलीत, जाळी बांधलेल्या रांजणात राखून ठेवतो. गप्पी जिवंत पिल्लं घालतात, त्यामुळे जूनमध्ये टबात पुन्हा सोडायला तेवढे पुरतात.

एकदा भर पावसाळ्यात घरात मच्छर वाढले आणि सगळ्यांनी बोट टबाकडे दाखवलं. वाटी बुडवली, काही नाही. मुळं झटकली, काही नाही. मग त्याच गॅलरीतला कूलर आठवला. बंद केला होता, पण तळाशी बोटभर पाणी तसंच होतं आणि त्यात अळ्या डोकं खाली लोंबकळून वळवळत होत्या. आता कूलर बंद केला की टाकी ओतून, घासून, कोरडी करून आडवी ठेवतो, आणि कुंड्यांखालच्या बशा काढूनच टाकल्या आहेत.

टबातून काढलेला पिस्टिया आणि जास्तीचे गप्पी नाल्यात सोडू नका, दोन्ही तिथे माजतात. पिस्टिया गच्चीवर वाळवून खताच्या खड्ड्यात टाकतो. मासे ज्यांच्याकडे उघडा हौद आहे, त्यांना बरणीत घालून देतो.