पाच, पंधरा, पंचवीस तारखेची शिल्लक

“आपल्याजवळ पगाराची स्लिप नाही, धंदा घरचा. मग कर्ज मागितलं की सहा महिन्याच्या बँक स्टेटमेंटात कर्ज देणारे पाहतात तरी काय?”

बहुतेक जण शेवटच्या पानावरची शिल्लक फुगवायच्या मागे लागतात. तिथेच फसतात.

पांढरकवड्याकडच्या एखाद्या खेड्यातलं वेल्डिंगचं दुकान घ्या. वखर, डवरे, तिफनीची दुरुस्ती. कर्जाची फाईल ऑगस्टमध्ये टाकली, म्हणजे स्टेटमेंट फेब्रुवारी ते जुलैचं. एकूण जमा ४,८०,००० रुपये, महिन्याला ८०,००० दिसतात. तपासणारा आधी यातून धंद्याचा नसलेला पैसा वजा करतो: सोनेतारणाचे ५०,०००, साळ्याकडून आलेले ४०,००० आणि खाली येणारे ते ९०,०००. उरले तीन लाख, महिन्याचे ५०,०००. हीही कमाई नव्हे, विक्री आहे. लोखंड, वेल्डिंग रॉड, वीजबिल यातूनच जातं, म्हणून उत्पन्न म्हणून यातला काही हिस्साच धरतात.

मग सरासरी शिल्लक. कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्था दर महिन्याच्या ५, १५ आणि २५ तारखेची शिल्लक घेतात; तारखा संस्थेप्रमाणे बदलतात. सहा महिन्यांचे अठरा आकडे झाले. त्यांची बेरीज १,९८,०००, भागिले १८, सरासरी ११,०००. हप्ता ७,००० चा असेल तर छान वाटतं. पण २४ जुलैला ९०,००० रोख भरले आणि २६ ला काढले, हे शेजारशेजारच्या ओळींत दिसतं. ती रक्कम वगळली की बेरीज १,०८,००० आणि सरासरी ६,०००. हप्त्याहूनही कमी. शिवाय आता बाकीच्या नोंदींवरही संशय येतो, ते नुकसान वेगळंच.

त्याहून वाईट म्हणजे परत गेलेला हप्ता. मोबाईलचा १,२०० चा का असेना, ‘रिटर्न’ आणि त्याखाली दंड व जीएसटीची कपात, या दोन ओळी लगेच नजरेत भरतात. इथे कारण बहुधा पैशाचं नसून वाराचं असतं. हातात पैसा येतो बाजाराच्या दिवशी आणि हप्ता त्याच्या आदल्या दिवशी. २०२१ च्या ऑगस्टपासून असे हप्ते रविवारी, सुट्टीलाही कापले जातात, त्यामुळे ‘आज बँक बंद आहे’ हा हिशेब चालत नाही. रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात हवी.

रोख भरणा गुन्हा नाही, पण महिन्यातून एकदा ४०,००० भरण्यापेक्षा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भरत गेलेले आठ-दहा हजार धंद्यासारखे दिसतात. गिऱ्हाईकांचे क्यूआरवर आलेले दीडशे-दोनशेही तसेच. वेगवेगळ्या नावांच्या त्या ओळींतून दुकान रोज उघडतं हे कळतं.

राहिला हंगाम. आपल्याकडे मे-जूनमध्ये काम उधारीवर होतं आणि पैसा कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर येतो. फेब्रुवारी ते जुलैच्या पानांवर तो दिसणारच नाही. म्हणून मागितले नसले तरी बारा महिन्यांचं स्टेटमेंट जोडा, आणि उधारीच्या वहीतली त्याच वसुलीची पानंही.