आमचा गेज आत जातच नाही!

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये सकाळीच भांडण जुंपलं. मशीनवरच्या मामांनी पास केलेले बुश आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर धडाधड रिजेक्ट होत होते. गेजची गो बाजू चांगल्या बोअरमध्ये आरपार जायला हवी, ती बोअरच्या तोंडाशीच अडत होती. "माझा गेज लोण्यासारखा जातोय," मामा म्हणाले, आणि समोर घालूनही दाखवलं. दोन्ही गेज कॅलिब्रेशन झालेले, दोन्हींवर हिरवा स्टिकर.

ड्रॉइंगवर बोअर 40.000 ते 40.060 मिमी. म्हणजे टॉलरन्स 60 मायक्रॉन. आमच्याकडे गेज मागवताना त्यातला दहा टक्के गेज बनवणाऱ्याला सूट म्हणून देतात, म्हणजे 6 मायक्रॉन. आणि गो बाजूला झिजेसाठी पाच टक्के, 3 मायक्रॉन. त्यामुळे नवा गो 40.003 ते 40.009 या हद्दीत बनतो आणि नो-गो 40.054 ते 40.060. गो प्रत्येक बोअरमध्ये आत-बाहेर करतो म्हणून झिजतो. तो नेमका 40.000 चा बनवला, तर जरासा घासताच लहान बोअर पास करायला लागेल. नो-गो आत जाऊच नये अशी अपेक्षा असते, त्यामुळे त्याला झिजेची सूट लागत नाही.

मी दोन्ही गेज टूलरूममध्ये मोजायला दिले. गो पुढच्या टोकाशीच जास्त घासतो, मागे मोजला तर फसगत होते, म्हणून टोकापाशी आडवं-उभं मोजायला सांगितलं. मामांचा गो टोकाशी 40.002 भरला, मागे 40.003. इन्स्पेक्शनचा गो कोरा, 40.008. अडलेले बुश बोअर गेजवर घेतले, तर 40.004 ते 40.007. सगळे ड्रॉइंगमध्ये. मामांचा गेजही चालता, कारण झिजून 40.000 होईपर्यंत तो बाद होत नाही.

लॉट पास केला. घोळ वाटपात होता: नवा गेज आल्याबरोबर स्टोअरने तो "महत्त्वाचा" म्हणून इन्स्पेक्शनला दिला होता. हवं होतं नेमकं उलटं. कोरा गेज मशीनवर, अर्धा झिजलेला इन्स्पेक्शनला. मग मामांच्या गोमधून सुटलेला बोअर आमच्याकडे अडणार नाही.

गेज दुतोंडी असल्याने नो-गोही बघावा लागला. नव्याचा 40.055, जुन्याचा 40.058. नशिबाने अदलाबदल इथेही जमली: 40.057 चा मोठा बोअर आता मशीनवरच पकडला जाईल. नाहीतर गो बाजूचं भांडण मिटून नो-गोचं सुरू झालं असतं.

"म्हणजे कडक गेज माझ्या गळ्यात," मामा पुटपुटले. खरंच होतं ते: 60 मायक्रॉनपैकी आता त्यांच्या वाट्याला 47च येणार होते. त्यांनी टूल ऑफसेट थोडा वाढवून घेतला. जुन्या गोच्या कार्डावर मी पुढची तपासणी अलीकडे ओढली, कारण त्याच्याकडे दोनच मायक्रॉन उरले होते.