किलोओम, मिलिअँप आणि सव्वा लाखाचा गेन

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी टर्मवर्कला आम्हाला माईकचा छोटा प्रीअँप्लिफायर होता, एकच ट्रान्झिस्टर बीसी ५४७, सप्लाय १२ व्होल्टचा. बोर्डवर काही लावायच्या आधी वहीतली आकडेमोड दाखवून सरांची सही घ्यायची असा नियम. गणित पार्टनरने केलं, तपासायचं काम माझ्याकडे, आणि त्याच्या वहीत शेवटी गेन होता १,२२,०००!

तो म्हणाला, "अरे मस्तय ना, जास्त गेन चांगलाच." मी म्हटलं थांब, माईकमधून १ मिलिव्होल्ट आला तर बाहेर १२२ व्होल्ट येणार, आणि सप्लाय आहे १२ चा, मग हे वरचे व्होल्ट आणायचे कुठून? म्हणजे उत्तर चुकलंय हे तर एका वाक्यात कळलं, पण कुठं चुकलंय ते शोधायला सुरुवातीपासून यावं लागलं.

बेसला ४७ किलोओम आणि १० किलोओमचा डिव्हायडर, म्हणजे बेसवर साधारण २.१ व्होल्ट, त्यातून ०.७ वजा केले की एमिटरवर १.४ व्होल्ट. एमिटरचा रेझिस्टर १ किलोओम, त्यामुळे करंट १.४ मिलिअँप. कलेक्टरला २.२ किलोओम, त्यावर पडतात १.४ गुणिले २.२ म्हणजे ३.१ व्होल्ट. इथपर्यंत सगळं बरोबर होतं, आणि खरी गोम इथंच आहे, कारण किलो आणि मिली एकमेकांना खाऊन टाकतात. पार्टनरने सगळीकडे नुसते १.४ आणि २.२ लिहिले होते, युनिट गायब, तरी व्होल्ट बरोबरच येत होते, म्हणून तो बिनधास्त पुढे गेला.

पुढे ट्रान्झिस्टरचा आतला एमिटर रेझिस्टन्स काढायचा, २५ मिलिव्होल्ट भागिले करंट. २५ मिलिव्होल्ट भागिले १.४ मिलिअँप केलं की मिली दोन्हीकडून जातो, उत्तर १८ ओम. पण त्याने २५ मिलिव्होल्टचे ०.०२५ केले आणि खाली नुसते १.४ ठेवले, म्हणजे झाले १.४ अँपियर, आणि आले ०.०१८ ओम. एमिटरच्या १ किलोओमला समांतर कपॅसिटर असल्यामुळे सिग्नलसाठी तो मोजायचा नाही, म्हणून गेन म्हणजे कलेक्टरचा रेझिस्टर भागिले हा आतला रेझिस्टन्स, मग २२०० भागिले ०.०१८ केल्यावर सव्वा लाख येणारच की. खरं उत्तर २२०० भागिले १८, म्हणजे साधारण १२२. खाली १८ बरोबर ठेवून वर २२०० ऐवजी नुसते २.२ घेतले असते तर उलट ०.१२ आलं असतं, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट आवाज बारीक करतंय.

वही घेऊन सरांकडे गेलो तर त्यांनी आमची स्टेप बघितलीच नाही, फक्त विचारलं, "कलेक्टरच्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात?" ३.१. "मग त्याला २५ मिलिव्होल्टने भागा." आले १२४! थोडा फरक राउंडिंगचा. हे मला तेव्हा जादूच वाटलं, पण साधं आहे, कलेक्टर रेझिस्टर गुणिले करंट हा तो व्होल्टेजच असतो, त्यामुळे या वाटेत किलोही येत नाही आणि करंटचा मिलीही येत नाही, घसरायला जागाच कमी. यातूनच वरची मर्यादाही मिळते, सगळेच्या सगळे १२ व्होल्ट त्या रेझिस्टरवर पडले असं धरलं तरी १२ भागिले ०.०२५ म्हणजे ४८०. असा साधा रेझिस्टर लोड असलेल्या एका स्टेजचा गेन त्यापुढे गेला की वही परत उघडायची.

मग मी पॉवर पण बघितली. १.४ चा वर्ग गुणिले २.२ = ४.३, आणि पार्टनरने पुढे वॉट लिहिलेलं. मिलिअँपचा वर्ग घेतला की मिली दोनदा येतो, किलो एकदाच, म्हणजे एक मिली उरतो, उत्तर ४.३ मिलिवॉट. हेही सप्लायकडून ताडून बघता येतं: कलेक्टरचा १.४ आणि डिव्हायडरचा ०.२ मिळून १.६ मिलिअँप, गुणिले १२ व्होल्ट, एकूण १९ मिलिवॉट. सगळं सर्किट मिळून १९ मिलिवॉट घेतंय तर त्यातला एक रेझिस्टर ४.३ वॉट कसा खाईल? आम्ही आणलेले तर पाव वॉटचे होते.

एक मात्र आहे, या पद्धतीने हजारपटीचा घोळ लगेच सापडतो, पण ०.७ वजा करायचे राहिले आणि करंट १.४ ऐवजी २.१ आला, तर गेन येतो १८५ च्या आसपास आणि तो अगदी खरा वाटतो. युनिट बरोबर, आकार बरोबर, उत्तर चूक. ते आम्ही बोर्ड लावल्यावर मीटरनेच बघितलं, एमिटरवर १.४ च्या जवळ रीडिंग आलं तेव्हा पुढचे कपॅसिटर लावले.