तुम्ही विचारलंत म्हणून: धुराचे दिवस, फिरणं आणि पंप

"डॉक्टर, थंडीत सकाळी सगळीकडे धूर साचलेला असतो. फिरायला जाणं बंद करू का? आणि त्या दिवशी दम्याचा पंप जास्त वेळा मारला तर चालेल का?"

फिरणं बंद करू नका, वेळ बदला. पंपाचं मात्र नीट समजावून सांगावं लागेल, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

हरिपूरकडचे एक निवृत्त शिक्षक माझे जुने पेशंट. रोज पहाटे साडेपाचला नदीकाठाने तासभर चालायचे. ऊसतोड सुरू झाली, फडाफडांतून पाचट पेटू लागलं आणि डिसेंबरात एक दिवस सर जिन्यावर दोनदा थांबत दवाखान्यात आले. स्टेथोस्कोप न लावताही छातीतली शीळ ऐकू येत होती. "पहाटेची हवा तर शुद्ध असते ना?" ते म्हणाले.

थंडीत तसं नसतं. रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, आणि वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा, वीटभट्टीचा, शेकोट्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. पहाटे नदीवर दिसतं ते निव्वळ धुकं नसतं. त्यात भरभर चालताना आपण तोंडाने, एरवीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, आणि गार, कोरडी हवा तर दम्याच्या श्वासनळ्या एरवीही आवळते. ऊन चढून जमीन तापली, म्हणजे साधारण अकरा वाजले, की धूर विरळ होतो. म्हणून थंडीत फिरायचं ते दुपारी बारा ते साडेचारच्या दरम्यान. आसपास पाचट पेटलेलं दिसत असेल तर त्या दिवशी घरातच हलका व्यायाम करा. एप्रिल-मे महिन्यांत गणित उलटं असतं. तेव्हा कडक उन्हात दुपारी ओझोन वाढतो, म्हणून सकाळच बरी.

आता पंप. सरांच्या पिशवीतून दोन निघाले. निळा जवळजवळ संपलेला. दुसरा, स्टेरॉइडचा, दोन महिन्यांपूर्वी घेतलेला, आणि त्याच्या मागच्या खिडकीत आकडा दिसत होता ११४. डोस होते १२०. म्हणजे साठ दिवसांत सहा वेळा मारला होता. "बरं वाटत होतं, मग कशाला घ्यायचा?" असं त्यांचं म्हणणं.

निळा पंप आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल करतो, पण नळीची सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो दुसरा, आणि त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. धूर दिसल्यावर तो सुरू करून भागत नाही, तो रोजच ठरल्या मात्रेत हवा. पंपाला स्पेसर, म्हणजे तोंड आणि पंप यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावून घ्या आणि नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी होते. निळा आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असं समजून भेटायला या. चालल्यावर हमखास दम लागणाऱ्या काहींना मी चालण्याआधी दहा-पंधरा मिनिटं निळ्याचे दोन पफ सांगतो, पण ते ज्याला सांगितलं असेल त्यानेच घ्यायचे. काहींना दोन्ही कामांना एकच पंप दिलेला असतो, त्यांनी आपल्या चिठ्ठीप्रमाणेच चालावं.

सरांना मी श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं. उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. बरं असताना त्यांचा आकडा ४०० येतो. ३२०च्या खाली आला की त्या दिवशी बाहेर पडायचं नाही आणि चिठ्ठीवरचं वाढीव औषध घ्यायचं. २००च्या खाली आला, तर निळा पंप मारत थेट दवाखाना.

घरात त्यांनी खिडक्या संध्याकाळपासून सकाळी दहापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली, आणि तरी खोकला जाईना. विचारल्यावर कळलं, बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल जळत होती, सकाळी उदबत्ती. बाहेरचा धूर अडवून त्यांनी आतला कोंडला होता. कॉइलऐवजी मच्छरदाणी आली, केरसुणीऐवजी ओलं फडकं, आणि दुपारी तासभर खिडक्या उघड्या. पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला थांबला. बाहेर जाणं टळत नसेल तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, रुमालातून बारीक धूर आरपार जातो.

आणि दम इतका लागला की एक वाक्य सलग बोलता येत नाही, तर पेशंटला आडवं करू नका. ताठ बसवा, स्पेसरमधून निळ्याचा एकेक पफ द्या, दोन पफांत अर्ध्या ते एका मिनिटाचं अंतर ठेवा, गरज पडली तर दहापर्यंत. ओठ निळसर दिसले किंवा आराम पडेना, तर पुढच्या पफाची वाट न बघता १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत पफ देत राहा.