सहा डेसिबलची शिट्टी

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. डाव्या बाजूला वेळा, उजव्या बाजूला आकडे. सकाळी 7 वाजता 6, 8 वाजता 6, 9 वाजता 7, रात्री 11 वाजता 9. गेल्या अकरा आठवड्यांत दर तासाला कानातली शिट्टी दहापैकी किती मोठी आहे, ते त्यांनी टिपून ठेवलं होतं. हे गृहस्थ पेशाने हिशेबनीस, वय 51. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून ‘टिनिटस आहे, ऑडिओलॉजिस्टकडे जा’ असं सांगून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

मी आधी त्यांची कागदपत्रं नीट वाचली. शिट्टी दोन्ही कानांत होती. नाडीच्या ठोक्यासारखी धडधड नव्हती, चक्कर नव्हती, ऐकू येणं एकाएकी कमी झालं नव्हतं. हे मी नेहमी स्वतः पुन्हा विचारते. आवाज एकाच कानात येत असेल, ठोक्याच्या तालावर येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर पुढे काही करण्याआधी आणखी तपासण्या लागतात. एक-दोन दिवसांत कान अचानक बंद पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं, कारण तिथे उपचाराचे सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात. यांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

साउंडप्रूफ खोलीत ऑडिओग्राम काढला, म्हणजे कोणत्या पट्टीचा सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख. 2000 हर्ट्झपर्यंत ऐकणं उत्तम. मग रेघ खाली घसरत गेली: 4000 ला 45 डेसिबल, 6000 ला 50. उंच पट्टीच्या आवाजांसाठी कानातल्या ज्या केसपेशी असतात, त्यांतल्या बऱ्याच निकामी झाल्या होत्या. वाढत्या वयात, किंवा वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिल्यावर, असं होतं. त्या पट्टीतून मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. मेंदू मग ते कमी पडलेलं भरून काढायला आपल्या बाजूने ‘आवाज वाढवतो’, आणि त्या वाढवण्यात आतली स्वतःचीच खळबळ ऐकू यायला लागते, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. शिट्टी कानात वाजते असं वाटलं, तरी ती बहुतेक वेळा घडते मेंदूच्या ऐकण्याच्या वाटेवर.

मग मी त्यांना त्यांची शिट्टी शोधायला सांगितलं. हेडफोनमध्ये एकेक सूर वाजवायचा आणि विचारायचं, तुमची शिट्टी याहून बारीक की जाड? तीनदा फिरून फिरून आम्ही 6000 हर्ट्झवर येऊन थांबलो, ऑडिओग्रामची रेघ सर्वांत खोल उतरली होती बरोबर तिथे. आता आवाजाची पातळी. त्या सुराला ते 50 डेसिबलवर जेमतेम ऐकू शकत होते. मी एकेक डेसिबल चढवत गेले. 53, 54, 55. 56 ला त्यांनी हात वर केला. “हा. हा एवढाच.”

मी खोलीचं दार उघडून आत गेले आणि त्यांना दाखवलं. ज्या पातळीला सूर ऐकू यायला सुरुवात होते, त्याच्यापेक्षा फक्त सहा डेसिबल वर. इतका आवाज म्हणजे जवळपास कुजबुज.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं मशीन चुकतंय. मला रात्री झोप लागत नाही हो.”

मशीन चुकत नव्हतं आणि तेही खोटं बोलत नव्हते. टिनिटसमध्ये हे नेहमीच दिसतं. मोजलं तर आवाज लहान निघतो, त्रास मात्र प्रचंड असतो. मी त्यांना नेहमीची 25 प्रश्नांची त्रास-प्रश्नावली भरायला दिली, तिची बेरीज शंभरापैकी 62 आली, म्हणजे ‘तीव्र’ गटात. सहा डेसिबल आणि बासष्ट गुण यांच्यामध्ये जे अंतर होतं, ते कानातलं नव्हतं. नव्याने आलेला, कारण न कळणारा आवाज मेंदू धोक्याची खूण म्हणून धरतो. मग छाती धडधडते, लक्ष तिकडेच लागतं, लक्ष लागलं की आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की भीती वाढते. पावेल यास्ट्रेबॉफ या संशोधकांनी 1990 मध्ये हा विचार मांडला आणि आजची सरावण्याची पद्धत बरीचशी त्यावरच उभी आहे. घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला दिवसभर ऐकू येत नाही, कारण मेंदूने तिला ‘बिनमहत्त्वाचं’ ठरवलेलं असतं. शिट्टीच्या बाबतीत तेच घडवून आणायचं असतं.

मी विचारलं, रात्री काय करता? त्यांनी मोबाइल आणि इयरफोन काढले. धो धो पावसाचा आवाज, रात्रभर. “शिट्टी पूर्ण बुडेपर्यंत वाढवतो. पण सकाळी काढला की ती दुप्पट जोरात येते.”

मी त्यांना नेमका रात्रीचाच आवाज लावायला सांगितला आणि इयरफोन मापनयंत्राला जोडला. 83 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास सुरक्षित, आणि दर तीन डेसिबलनी तो वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 ला 20 तास. हे गृहस्थ झोपेतले सहा-साडेसहा तास धरले तरी आठवड्याला 45 तास ऐकत होते. त्रास कमी करायच्या नादात उरलेल्या केसपेशींवरच ते भार टाकत होते.

आणि दुसरी गोष्ट अशी, की जे ऐकूच येत नाही त्याला मेंदू सरावणार कसा? शिट्टी बुडवून टाकली की रात्रभर तिच्याशी ओळखच होत नाही. सकाळी पाऊस थांबतो, भोवती एकदम शांतता होते आणि शिट्टी उघडी पडते. शांतता तर कोणाच्याही कानांना अवघड जाते. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी निरोगी कानांच्या 80 माणसांना अगदी शांत खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला.

मी इयरफोन बाजूला ठेवले आणि टेबलावर साधा स्पीकर ठेवून तोच पाऊस लावला, शून्यापासून. त्यांना म्हटलं, “बटण तुमच्या हातात घ्या. हळूहळू वाढवा. शिट्टी स्वच्छ ऐकू येतेय ना? अजून वाढवा. आता शिट्टी आणि पाऊस एकमेकांत मिसळायला लागले, शिट्टीचा काठ पुसट झाला असं वाटलं की थांबा.” ते थांबले. “आता एक घर मागे या.” तिथे दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. पाऊस पुढे, शिट्टी मागे, पण आहे. “रात्री इतकाच. झोपेत बंद होऊ देऊ नका. आणि उशाशी स्पीकर, कानात काही नाही.”

त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे शिट्टी ऐकू येतच राहणार?”

हो, आणि तेच हवं आहे, हे नवीन माणसाला पटवणं या कामातला सर्वांत कठीण भाग. मी त्यांना एवढंही सांगितलं, की ही पातळी तंतोतंत साधली नाही तरी बिघडत नाही. शिट्टी पूर्ण बुडवणं आणि ती थोडी ऐकू येऊ देणं, या दोन्ही पद्धतींची तुलना केली तेव्हा फार मोठा फरक आढळलेला नाही. जपायचं ते इतकंच, की आवाज कानाला ताण देणारा नसावा आणि पूर्ण शांतता टाळावी. नुसत्या पार्श्वध्वनीने शिट्टी कमी होते याचा भक्कम पुरावा नाही. सर्वांत जास्त पुरावा आहे तो विचार आणि प्रतिक्रिया बदलण्याच्या समुपदेशनाचा, म्हणजे सीबीटीचा. म्हणून मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. पार्श्वध्वनी त्या कामाला आधार देतो. शिट्टी आणि शांतता यांच्यातला उठाव कमी होतो, आणि सराव करायला जागा मिळते.

त्यांना श्रवणयंत्रही दिलं, कानाच्या मागे बसणारं, कानाचं भोक मोकळं ठेवणारं. ऐकण्यातली तूट होती, म्हणून हे त्यांच्यासाठी स्पीकरपेक्षाही महत्त्वाचं. पानांची सळसळ, कागदाचा चुरचुर, पंख्याचा सूं सूं असे उंच पट्टीचे बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. ते परत मिळाले की दिवसभराचा पार्श्वध्वनी आपोआप तयार होतो. ज्यांचं ऐकणं चांगलं आहे, त्यांना मात्र यंत्राची गरज नसते.

शेवटची विनंती केली ती वहीची. “ही बंद करा.” त्यांना ते सर्वांत जड गेलं. पण दर तासाला ‘किती आहे’ हे पाहायचं म्हणजे दिवसातून सतरा वेळा मेंदूला सांगायचं, की हे महत्त्वाचं आहे, पुन्हा बघ. त्यांनी वही माझ्याकडेच ठेवली.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. तीन महिन्यांनी गुण 48. चौथ्या महिन्यात सर्दीताप झाला, वर्षअखेरच्या कामाची दगदग सुरू झाली आणि ते पुन्हा घाबरून आले: “सगळं वाया गेलं.” ऑडिओग्राम पुन्हा काढला, तो जशास तसा होता. कमी झोप, ताण, सर्दी यांनी शिट्टी काही दिवस चढते आणि उतरते. तेव्हा त्यांनी पुन्हा पाऊस वाढवायला सुरुवात केली होती. मी बटण पुन्हा एक घर मागे आणलं, एवढंच.

दहाव्या महिन्यात प्रश्नावली 22 वर आली. त्या दिवशी मी पुन्हा त्यांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि शिट्टी शोधायला सांगितली. ते थोडा वेळ डोळे मिटून बसले. “थांबा हं मॅडम. पाहावं लागेल कुठेय ती.” मग सापडली. सूर 6000 हर्ट्झ. आवाज 56 डेसिबल, पहिल्या दिवसाइतकाच, एका डेसिबलचाही फरक नाही. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी पहिल्या दिवसाच्या कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, “एवढ्याशा आवाजाला मी 9 दिले होते?”

मग श्रवणयंत्र कानामागे अडकवलं आणि वही परत मागितली. तिची मागची पानं कोरी आहेत, ती हिशेबाला चालतील म्हणाले.