माळशेज उतरताना

जुलैमधली गोष्ट. पिकअपमध्ये टोमॅटोचे साठ क्रेट भरून पहाटे चारला ओतूरहून कल्याणला निघालो होतो. शेजारी भाचा बसलेला, नुकतंच लायसन्स मिळालेला. बोर्ड दिसला की नाव सांगायचं आणि आपण काय करायचं तेही सांगायचं, असं मी त्याला बजावलं होतं. पण प्रत्येक बोर्डाला त्याचं एकच उत्तर : "गाडी हळू करायची, मामा."

घाट सुरू झाला. धुकं इतकं, की समोरचा पांढरा पट्टाच काय तो दिसत होता. तीव्र वळणाचा बोर्ड आल्याबरोबर मी वळणाच्या आधीच ब्रेक दाबून दुसरा गिअर टाकला आणि वळणात ब्रेकला पाय लावला नाही. ओल्या उतारावर भरलेली गाडी वळता वळता दाबली, की मागचा भाग घसरतो.

पुढे दरड पडण्याचा बोर्ड. त्या चित्रात डोंगर कुठल्या बाजूला आहे तेही बघायचं असतं. आमच्या बोर्डात तो उजवीकडे होता. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, धबधबा बघ, दोन मिनिटं थांबू." म्हटलं, "या बोर्डाच्या पुढं थांबायचं नाही."

शंभरेक फुटांवर हेडलाइटमध्ये रस्त्यावर मुठीएवढे दगड दिसले. पावसात पडून राहिलेला दगड काळपट, धुतलेला दिसतो. यांच्या कडा मात्र फिक्या होत्या, ताज्या फुटलेल्या, आणि भोवती लाल चिखल. म्हणजे वरून अजून यायचं होतं. आम्ही होतो तिथं डोक्यावर कडा नव्हता, मी तिथंच गाडी उभी करून पार्किंग लाइट लावले. भाच्याला टॉर्च देऊन मागच्या वळणापर्यंत पाठवलं, दरीच्या कडेकडेनं. मागून येणाऱ्यानं आमच्यावर आदळू नये म्हणून.

दहाएक मिनिटांत वरून खडखड ऐकू आली आणि टोपलीएवढा एक धोंडा त्याच दगडांवर येऊन आपटला. भाचा परत आला तेव्हा गप्पच होता.

उजाडलं तसं वर नीट दिसायला लागलं. मातीचं पाणी थांबलं होतं, बराच वेळ काही पडलंही नव्हतं. मग एकेक गाडी, मध्ये भरपूर अंतर ठेवून, न थांबता निघालो.

घाटाखाली गुरांचा बोर्ड होता, आणि खरोखरच एक म्हैस रस्ता ओलांडत होती. भाचा हॉर्नकडे हात नेत होता, मी अडवला. दचकून ती उलटी फिरली असती, आणि मागून रेडकू येणार हे ठरलेलंच. ते आलंच.

टोकावडे गाठायच्या आत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फाटे फुटलेला बोर्ड आला, पण फाटे समोरासमोर नव्हते. भाचा स्वतःहून बोलला, "खालची रेघ डावीकडे, म्हणजे डावा फाटा आधी. तिथून येणारा थेट पलीकडे जाणार नाही, आपल्यासमोर थोडं चालून मग उजवीकडे वळणार."

दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल अगदी तशीच आली. कल्याणला पोचलो तेव्हा भाव उतरलेला होता.