दोन मिनिटं बसून घ्या

अध्यक्षांचं भाषण संपलं की खुर्च्या सरकतात, पायांनी चपला चाचपल्या जातात आणि मागून समोशांचा वास येतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी माईकसमोर येऊन म्हणतं, "दोन मिनिटं बसून घ्या." आभार मानणाऱ्याच्या नशिबी हीच वेळ.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दुपारी, नागपुरात आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आभाराला शेजारच्या काकू उभ्या राहिल्या. हातात बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी.

"अध्यक्ष महोदय, वर्ध्याहून आलेल्या पाहुण्या मॅडम आणि मंडळी. मॅडमनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. आज घरी गेल्यावर मी सासूबाईंना त्यांच्या ओव्या विचारणार आहे. अध्यक्षांनी भाषण आवरतं घेतलं, ते आमच्या भुकेकडे पाहून. समोरच्या घरून लाइन मिळाली म्हणून हा माईक वाजला. खुर्च्या नववीतल्या पोरांनी डोक्यावर आणल्या. आता परत न्यायच्या आहेत, चौघं थांबा बापा. सर्वांचे मनापासून आभार. पसायदानाला उभे राहू या."

संपलं. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, ह्याला फार तर थोडे जास्त लागले असतील.

'अमूल्य', 'मोलाचे', 'बहुमोल' यांतलं एकही विशेषण नव्हतं. ज्याने जे केलं तेच सांगितलं. पाहुण्यांच्या भाषणाचा सारांशही नाही, फक्त त्यातली एक गोष्ट उचलली. ती मात्र भाषण ऐकल्याशिवाय उचलता येत नाही. घरून लिहून आणलेले आभार इथेच ओळखू येतात. चिठ्ठीवर, मी नंतर पाहिलं, दोनच नावं होती, अध्यक्षांचं आणि मॅडमचं, आद्याक्षरांसकट; ती मी इथे गाळली. बाकी सगळे कामावरून ओळखले, म्हणून राहून गेलं असं कुणीच नाही. यादी वाचायला घेतली की एक नाव सुटतंच, आणि तो माणूस पुढची कित्येक वर्षं नमस्कार घेत नाही. वर्गणीदारांचं तेवढं कामावरून भागत नाही. त्यांना नावच लागतं. ते फलकावर लिहून टाकावं.

आमचे बाबा नागपुरातल्याच महाल भागातल्या गणेशोत्सवात आभार मानायचे, चांगले फुलस्केपभर. "ज्ञात-अज्ञात हातांचे" आलं की मी सतरंजीवर बसल्या बसल्या अज्ञात हात शोधायचो. चिवड्याच्या पुड्या बांधणारे तर मला सगळे ज्ञात होते! शेवटी बाबांचा आवाज जड व्हायचा, "आभार मानून मोकळं होण्यापेक्षा आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो."

मंडपवाला मागे उभा राहून हे मन लावून ऐकायचा. त्याचं बिल मंडळाने दिवाळीपर्यंत दिलेलं नसायचं.